माय, माळ आणि मधला ‘य’ : बोली लिहून घेताना किती बारकावा टिपायचा?

खानदेशातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात प्रमाण मराठीतला ‘ळ’ बहुतेक ठिकाणी ‘य’ होऊन येतो. डोळ्याचा डोया होतो, काळा काया होतो, जळगावचं जयगाव आणि धुळ्याचं धुये. इथवरची गोष्ट भुसावळच्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पुण्याकडच्या कोणाला खानदेशी माणसाची नक्कल करायची झाली, तर तोही सगळ्यात आधी हेच उचलतो.

पण जरा पुढे जाऊन विचारा. ज्याच्या तोंडी ळचा य झालाय, त्याच्या बोलण्यात गळ्यातली माळ आणि घरातली माय हे दोन शब्द हुबेहूब सारखे होतात का? गाळ आणि गाय? काळ आणि काय? संदर्भामुळे घोटाळा होत नाही हे खरं. गळ्यात ‘माय’ घातली म्हटल्यावर गावात कोणी दचकत नाही. प्रश्न उच्चाराचा आहे. दोन्ही शब्द पूर्ण एक झालेत, की कानाला एक वाटतात पण जीभ अजून थोडी वेगळी फिरते?

याचं उत्तर ध्वनिमुद्रणात असतं. मात्र ते सापडणार की पहिल्याच दिवशी हरवणार, हे आपण ते बोलणं कागदावर कसं उतरवतो यावर ठरतं. भाषाविज्ञानात त्यासाठी दोन रीती आहेत, स्थूल ध्वनिलेखन आणि सूक्ष्म ध्वनिलेखन. ही विभागणी जुनी आहे. इंग्लंडच्या हेन्री स्वीटने १८७७ साली आपल्या ध्वनिविज्ञानाच्या पुस्तकात रोमन अक्षरांवर आधारलेली दोन लेखनं वापरली, एक ढोबळ आणि एक बारीक. पुढे १८८६ मध्ये पॅरिसमध्ये भाषाशिक्षकांची संघटना उभी राहिली. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी, म्हणजे आयपीए, तिथून आली आणि तिनेही ही विभागणी स्वीकारली.

एकाच आवाजाची दोन वजनं

‘अंगण’ म्हणा आणि अनुस्वारापाशी थांबा. जिभेचा मागचा भाग टाळूला वर टेकलेला असेल. आता ‘खंत’ म्हणा. इथे जिभेचं टोक दातांमागे आहे. म्हणजे एकाच टिंबाचे दोन वेगळे आवाज झाले. पहिल्याची खूण आयपीएमध्ये ŋ आहे, दुसऱ्याची n. मराठी माणसाला हा फरक कधी जाणवत नाही, कारण त्याला त्यावरून काही ओळखावं लागत नाही. पुढे ग आला की जीभ मागे जाणार, त आला की पुढे जाणार, हे आपोआप ठरतं.

स्थूल लेखनाचं तत्त्व यातून कळतं. त्या भाषेत ज्या फरकामुळे शब्द बदलतो तेवढाच फरक लिहायचा. जो आजूबाजूच्या आवाजांवरून आपोआप ठरतो तो सोडून द्यायचा. म्हणून मराठीच्या स्थूल लेखनात ‘अंगण’ सरळ /ənɡəɳ/ असं लिहिलं तरी चालतं. सूक्ष्म लेखनात प्रत्यक्ष तोंडातून आलेला आवाज लिहायचा असल्यामुळे तोच शब्द [əŋɡəɳ] होतो. इंग्रजीत मात्र हाच ŋ सोडता येत नाही, कारण पाप या अर्थाचा ‘सिन’ आणि गाणं म्हणण्याचा ‘सिंग’ यांच्यात शेवटी फक्त तेवढाच फरक आहे. त्या ‘सिंग’मध्ये ग उच्चारतच नाहीत. तेव्हा कोणता आवाज बारकावा आणि कोणता गाभा, हे आवाज ठरवत नाही, भाषा ठरवते.

तिरप्या रेघा आणि चौकोनी कंस यांच्यातला फरक नुसत्या सजावटीचा नाही. तिरप्या रेघांमध्ये लिहिलेलं विधान भाषेबद्दल असतं: या बोलीत शब्द बदलणारे आवाज, म्हणजे स्वनिम, हे एवढे आहेत आणि हा शब्द त्यांतून असा बनतो. चौकोनी कंसातलं विधान एका माणसाने एका क्षणी केलेल्या उच्चाराबद्दल असतं. म्हणजे तिरपी रेघ ओढायची तर बोलीचा अभ्यास आधी झालेला हवा. नव्या बोलीकडे पहिल्यांदा जाणारा माणूस स्थूल लेखन करूच शकत नाही, कारण काय सोडायचं हे त्याला अजून माहीत नसतं. तो सूक्ष्मापासून सुरुवात करतो आणि नियम सापडत जातील तसतसं लेखन ढोबळ करत जातो. बऱ्याच नवख्यांना हा क्रम उलटा वाटतो. त्यांना वाटतं आधी साधं लिहू आणि मग वेळ मिळाला तर बारीक करू.

इथे कोणी म्हणेल, आपली देवनागरी आहेच की. जसं बोलतो तसं लिहितो. तसं नाही हो. ‘चार’ हा आकडा आणि ‘गुरांना चार’ मधलं क्रियापद देवनागरीत सारखंच दिसतं. उच्चारात पहिला च तालव्य आहे, /tʃar/, आणि दुसरा दातांजवळचा, /tsar/. शब्द बदलणारा फरक आपली लिपी दाखवत नाही. उलट शहामृगातला श आणि षटकातला ष बहुतेक मराठी तोंडांत एकच झाले असले तरी लिपी ते दोन लिहिते. म्हणजे देवनागरी काही जागी स्थूल लेखनापेक्षाही ढोबळ आहे आणि काही जागी उगाच बारीक. गावातल्या कहाण्या, ओव्या, म्हणी लिहून ठेवायला ती उत्तम आहे, पण उच्चाराचा पुरावा म्हणून ती एकटी पुरत नाही.

न लिहिलेल्या खुणेचा अर्थ काय?

सूक्ष्म लेखनाला तळ नाही. त हा दंत्य आहे म्हणून t खाली छोटा कमानीसारखा दात काढा, t̪. आ किती लांब आहे ते दाखवायला ː लावा किंवा अर्धी लांबी असेल तर ˑ. स्वर थोडा नाकात गेला तर वर ̃ द्या. थोडी जीभ मागे गेली, थोडी वर उचलली, ओठ थोडे सैल पडले, या सगळ्यांना खुणा आहेत. मनात आणलं तर एका ‘माळ’ शब्दावर पाच-सहा खुणा चढवता येतील आणि तरीही शब्द पूर्ण लिहून झाला असं म्हणता येणार नाही.

अमेरिकन भाषावैज्ञानिक लेनर्ड ब्लूमफील्डने १९३३ मध्येच यावर बोट ठेवलं होतं. सूक्ष्म लेखन करणारा माणूस जे टिपतो ते त्याच्या कानाला आधी भेटलेल्या भाषांवर अवलंबून असतं, म्हणून त्याच्या बारकाव्यांत योगायोगाचा भाग मोठा असतो, असं त्याचं म्हणणं. टोक गाठणारं मत आहे. ब्लूमफील्डला सूक्ष्म लेखनच फारसं नको होतं, आणि तिथवर मी त्याच्यासोबत जाणार नाही. पण दुखणं खरं आहे. गुजराती ज्याच्या कानावर आहे त्याला नंदुरबारच्या सीमेवरच्या बोलण्यात स्वरांमधला श्वासमिश्रित घोगरेपणा लगेच ऐकू येईल, कारण गुजरातीत ‘बार’ म्हणजे बारा आणि तसाच पण श्वासाळलेल्या स्वराचा ‘बार’ म्हणजे बाहेर. ज्याला फक्त पुणेरी मराठी माहीत आहे तो ते टिपणार नाही.

यातून निघणारी अडचण अशी. समजा तुमच्या वहीत पन्नास शब्द आहेत आणि त्यांतल्या सातांवर श्वासमिश्रित स्वराची खूण आहे. उरलेल्या त्रेचाळीस शब्दांत तो गुण नव्हता, की तुम्ही तिथे ऐकायचा प्रयत्नच केला नाही? वाचणाऱ्याला हे कळायचा मार्ग नाही. वर्षभराने तुम्हालाही कळणार नाही. अर्धवट पसरलेला बारकावा हा बारकावा नसल्यापेक्षा वाईट, कारण त्यावरून कोणीतरी आकडे मोजू लागतं.

म्हणून कामाची रीत अशी की वहीच्या किंवा फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायचं: या संकलनात ‘ळ’च्या जागी येणारा आवाज आणि त्याआधीचा स्वर सूक्ष्म लिहिला आहे, बाकी सगळं स्थूल आहे, त आणि द दंत्य असूनही साधे t, d लिहिले आहेत, र साधा r लिहिला आहे. मग खूण नसणं याचाही अर्थ ठरतो. ज्या ठिकाणी बारीक लिहायचं ठरवलं तिथे प्रत्येक वेळी बारीक लिहायचं, आणि इतरत्र मोह झाला तरी हात आवरायचा. जळगावात कापूस एका काट्यावर तोलतात आणि सोनं दुसऱ्या. कापसाच्या गाठीचं वजन मिलिग्रॅममध्ये लिहून कोणाचं भलं होत नाही.

माय–माळ, पायरीपायरीने

आता सुरुवातीचा प्रश्न घेऊ. माळ आणि माय एक झालेत का, हे तपासायला तुम्ही चोपडा किंवा शिरपूरकडच्या एखाद्या गावात गेलात असं समजा.

पहिली गोष्ट शब्दांची निवड. खानदेशात केळी डोळ्यासमोर आहेत म्हणून ‘केळी’ हा शब्द घ्यावासा वाटतो. तो इथे निरुपयोगी आहे. य म्हणताना जीभ जिथे असते जवळजवळ तिथेच ती इ म्हणताना असते, आणि ए त्याच्या शेजारीच. त्यामुळे ‘केयी’मध्ये य कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे कान सांगू शकत नाही आणि यंत्रही धड सांगू शकत नाही. कधी तो केयी वाटतो, कधी केई. ऐकणाऱ्याने य लिहिला तरी ते त्याच्या मनातलं असण्याची शक्यता मोठी. शेजारी आ किंवा ओ असलेले शब्द घ्यावेत, म्हणजे य आला तर जिभेला लांबचा प्रवास करावा लागतो आणि तो दिसतो. माळ–माय, गाळ–गाय या जोड्या त्यासाठी चांगल्या.

दुसरी गोष्ट म्हणजे शब्द वाचायला द्यायचा नाही. छापलेला ळ दिसला की शाळा आठवते आणि माणूस ळ म्हणतो. मण्यांच्या माळेचं चित्र दाखवा, गाईचं दाखवा, विहिरीच्या तळाशी काय साचतं ते विचारा. मिळालेला शब्द एका ठरलेल्या वाक्यात म्हणवून घ्या. ते वाक्य गावातल्याच कोणाकडून त्यांच्या बोलीत करून घ्यावं, आणि आपल्या शब्दानंतरचा शब्द प, ब किंवा म ने सुरू होणारा असावा. हे तिन्ही आवाज ओठांचे आहेत, त्यामुळे पुढच्या शब्दाची तयारी करताना जीभ खेचली जात नाही. प्रत्येक शब्द आठ-दहा वेळा, पण सरमिसळ क्रमाने. एकामागोमाग माळ-माय-माळ-माय म्हणवलं तर तुम्ही काय शोधताय हे समोरची आजी दुसऱ्या फेरीतच ओळखते आणि मुद्दाम फरक करू लागते.

तिसरी पायरी लेखनाची, आणि घात इथेच होतो. सगळं ध्वनिमुद्रण हातात असताना तुम्ही स्थूल लेखन केलंत तर काय होईल? तुम्हाला आधीच माहीत आहे की इथे ळचा य होतो. तुम्ही माळ /maj/ लिहिणार आणि माय /maj/ लिहिणार. दोन्ही सारखे लिहिले गेले, म्हणून दोन्ही सारखे आहेत असा निष्कर्षही निघणार. पण तो ध्वनिमुद्रणातून आलेला नाही, तुमच्या लेखनपद्धतीने तो आधीच देऊन टाकला होता. ज्या फरकाचं अस्तित्वच तपासायचं आहे, तो फरक पुसणारं लेखन तपासणीसाठी वापरता येत नाही.

मग त्या एका जागेपुरतं सूक्ष्म लिहायचं. समजा माय नेहमी [maːj] ऐकू आला आणि माळ काही वेळा [maːj] तर काही वेळा जीभ जराशी मागे ओढलेला [maːj̠] वाटला. त्या j खालची छोटी रेघ म्हणजे जीभ अपेक्षेपेक्षा मागे. किंवा एखाद्याच्या तोंडी तो मूर्धन्य, जिभेचं टोक वर वळलेला पण टाळूला न टेकलेला [ɻ] असेल. एवढ्या बारीक फरकाबाबत कानावर भरवसा ठेवायचा तर कानाला अर्थ कळता कामा नये. ‘माळ’ असा शब्द फाइलच्या नावात दिसत असेल तर प्रत्येकाला थोडासा ळ ऐकू येतोच. हा कोणाच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न नाही, मेंदूच तसा चालतो. म्हणून दुसऱ्या कोणीतरी तुकडे कापावेत, त्यांना नुसते क्रमांक द्यावेत, क्रम ढवळावा, आणि मग दोघांनी एकमेकांचं न बघता लिहावं.

यंत्राची मदत इथे घ्यायला हरकत नाही. Praat हा फुकट मिळणारा प्रोग्राम अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठातल्या दोघांनी बनवलेला आहे आणि जगभरचे लोक तोच वापरतात. त्यात आवाजाचा आलेख दिसतो, आणि त्यात फॉर्मंट नावाचे काळे पट्टे. य कडे जाताना दुसरा पट्टा झपाट्याने वर चढतो. मोठ्या पुरुषाच्या आवाजात तो २००० हर्ट्झच्या आसपास किंवा वर जातो. मूर्धन्य आवाजांची खूण वेगळी आहे, त्यांच्याजवळ तिसरा पट्टा खाली येतो. आणि महत्त्वाचं म्हणजे मूर्धन्य आवाजाचा ठसा त्याच्या आधीच्या स्वराच्या शेवटावर जास्त उमटतो. म्हणून माळचा ळ पुरता गेला असं वाटलं तरी आ संपता संपता तिसरा पट्टा माय पेक्षा सातत्याने खाली येतोय का, हे पाहायचं. येत असेल तर ळ अजून गेलेला नाही. पण मुद्रणामागे पंखा फिरत असेल किंवा फोन माणसापासून हातभर लांब ठेवला असेल, तर तिसरा पट्टा आधी धूसर होतो, आणि प्रोग्राम तिथे बिनधास्त चुकीचा आकडा देतो. आकडे सलग न जाता एकदम पाचशे हर्ट्झची उडी मारत असतील तर ती जिभेची नाही, मोजणीची उडी समजावी.

शेवटी तेच तुकडे त्याच गावातल्या माणसांना ऐकवा: ही माळ की माय? इथे दोन वेगळे निकाल येऊ शकतात, आणि माझ्या मते या विषयातली सगळ्यात मजेची गोष्ट हीच. अमेरिकन भाषावैज्ञानिक विल्यम लबॉव्ह आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात इंग्रजीत दाखवून दिलं की माणूस स्वतः दोन शब्दांत सातत्याने बारीक फरक करत असतो आणि तरीही दोन्ही एकच आहेत असं सांगतो, ऐकवल्यावर त्याला वेगळे ओळखताही येत नाहीत. याला अर्धवट विलीनीकरण म्हणता येईल. असं काही खानदेशी माळ–मायमध्ये निघालं तर बोलणाऱ्याचा शब्दही पुरावा धरता येत नाही आणि स्थूल लेखनही नाही. आणि निघालं नाही, यंत्र, कान आणि बोलणारे तिन्ही एकच सांगत असतील, तर मग खुशाल तिरप्या रेघा ओढा आणि दोन्ही /maj/ लिहा. आता ते लिहिण्याचा अधिकार तुम्ही कमावला आहे.

तोच य, पण प्रश्न वेगळा

हेच ध्वनिमुद्रण दुसऱ्या कोणाच्या हाती गेलं तर त्याला वेगळं लेखन लागेल.

शहरात राहायला गेलेली पोरं ळ कधी म्हणतात आणि य कधी, हे समाजभाषाविज्ञानाच्या अभ्यासकाला हवं असतं. त्याला जीभ किती मागे होती याच्याशी देणंघेणं नाही. लबॉव्हनेच १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या दुकानांत २६४ विक्रेत्यांना असा प्रश्न विचारला की उत्तरात ‘फोर्थ फ्लोर’, म्हणजे चौथा मजला, यावं. त्या दोन इंग्रजी शब्दांत र उच्चारला की नाही एवढंच त्याला पाहायचं होतं. त्याने उच्चारलेल्या र ला १ लिहिलं, न उच्चारलेल्याला ०, आणि जिथे ठरत नव्हतं तिथे संशयाची वेगळी खूण करून ती उत्तरं शेवटच्या मोजणीत घेतलीच नाहीत. भुसावळच्या बसस्थानकावर ही गाडी कुठे जाते असं विचारून ‘जळगावला’ येतं की ‘जयगावले’, आणि ऐकू न आल्यासारखं करून पुन्हा विचारलं की उत्तर बदलतं का, एवढं टिपायला १, ० आणि संशय पुरतात. त्याच लबॉव्हला अमेरिकेतल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावरच्या स्वरांच्या अभ्यासात (प्रसिद्धी १९६३) दोन घरं पुरली नाहीत, कारण तिथे स्वर हळूहळू सरकत होता. त्याने आधी सहा पायऱ्या कल्पिल्या आणि यंत्राशी ताडून पाहिल्यावर चारवर आला. बारकावा वाढवण्याइतकंच तो आटोक्यात आणणंही अभ्यासाचा भाग असतो, हे त्या सहाच्या चार होण्यात दिसतं.

भाषांचं नातं ठरवणाऱ्याला तर याहूनही कमी लागतं. जॉर्ज ग्रियर्सनने ब्रिटिश काळात केलेल्या भारतीय भाषा सर्वेक्षणात खानदेशी बोली मराठीच्या खंडात नाही, १९०७ च्या भिल्ल भाषांच्या खंडात आहे. तिथले नमुने सरकारी अधिकाऱ्यांमार्फत लिहून मागवलेले होते. स्वराची लांबी, श्वास, जिभेची जागा यांबद्दल त्यांवरून काही सिद्ध करू नये. पण प्रत्यय कोणते, सर्वनामं कशी, ‘आहे’च्या जागी ‘शे’ येतं का, हे ढोबळ लेखनातूनही पुरेसं कळतं, आणि वर्गीकरणाला तेवढंच लागत होतं. त्या खंडातून उच्चाराचे बारकावे शोधणाऱ्याची निराशा होते ती त्याच्या प्रश्नामुळे, खंडाच्या दोषामुळे नाही.

वाचा-उपचार करणाऱ्यांचं गणित मात्र उलटं. समजा धुळ्याचा पाच वर्षांचा मुलगा केळीला ‘तेयी’ म्हणतो आणि उपचार करणारी ताई खानदेशाबाहेरची आहे. तिने प्रमाण मराठी समोर ठेवून लिहिलं तर दोन चुका मोजल्या जातील, क चा त आणि ळ चा य. दुसरी चूकच नाही. मुलाच्या घरात सगळे तसंच बोलतात. म्हणून तुलना घरच्या बोलीच्या स्थूल रूपाशी, /keji/ शी, करायची. पहिल्या आवाजाबाबत मात्र स्थूल लिहून भागणार नाही. मुलाचा तो ‘त’ सरळ दातांमागचा [t̪] आहे, की पुष्कळ मागे सरकलेला, क च्या दिशेने निघालेला आहे? मॅकन आणि बार्टन यांनी १९८० मध्ये इंग्रजी शिकणाऱ्या लहान मुलांचे उच्चार मोजून दाखवलं की मोठ्यांच्या कानाला दोन आवाज एकच वाटत असताना काही मुलं त्यांत मोजता येईल असा फरक करत असतात. तसं असेल तर मुलाला क आणि त वेगळे आहेत हे कळलेलं आहे, फक्त जीभ पोचत नाही, आणि त्यावर उपचाराची दिशा बदलते. महिन्याभराने प्रगती झाली का हेही त्या मागे सरकण्यावरूनच समजणार. ‘त म्हणतो’ एवढंच लिहिलेल्या कागदावर दोन्ही महिने सारखेच दिसतील. बिघडलेल्या बोलण्यातले काही आवाज कुठल्याच भाषेत नसतात, म्हणून त्यांच्यासाठी १९९० पासून आयपीएला जोडून वेगळ्या खुणांचा संचही आहे.

आणि तरी सूक्ष्म लेखनाची किंमत मोजावी लागते, ती फक्त वेळेत नाही. अमेरिकेत श्रायबर्ग आणि लॉफ यांनी १९९१ मध्ये मुलांच्या बोलण्याच्या लेखनाची पडताळणी छापली. स्थूल लेखनात दोन लिहिणाऱ्यांचं बऱ्यापैकी जुळत होतं, सूक्ष्म लेखनात जुळणं विश्वासार्ह म्हणता येईल त्याखाली घसरलं. म्हणजे जितकं बारीक लिहाल तितकं ते तुमचं एकट्याचं होत जातं. यावर उपाय फार नाहीत. दोघांनी स्वतंत्र लिहायचं, किती जुळलं ते खुणेखुणेने वेगळं मोजायचं, आणि जी खूण जुळत नाही ती मागे घ्यायची किंवा यंत्राच्या मोजमापावर सोडायची. काही आठवड्यांनी स्वतःच लिहिलेल्यातला थोडा भाग न बघता पुन्हा लिहून पाहायचा, कारण सतत ऐकून कान गावाला सरावतो. पहिल्या दिवशी जो [j̠] ठळक वाटत होता तो महिन्याने साधा j वाटू लागतो, बोलणारा मात्र तसाच बोलत असतो.

खानदेशी लिहू पाहणाऱ्या लेखकांना हा सगळा खटाटोप लांबचा वाटेल, पण त्यांच्याही दारात एक प्रश्न उभा आहे. ‘तुझं’ या अर्थाचा शब्द कोणी ‘तुन्हं’ लिहितं, कोणी ‘तुनं’. तो ह खरंच न मध्ये मिसळलेला आहे, [nʱ], की न साधा आहे आणि पुढचा स्वरच श्वासाळलेला आहे, की काही गावांत आहे आणि काहींत नाही? वाद घालून हे सुटत नाही. साक्री, चाळीसगाव, मालेगाव, तळोदा अशा लांबलांबच्या ठिकाणी थोड्या लोकांकडून त्या एका जागेचं सूक्ष्म लेखन व्हायला हवं, बाकीचं वाक्य ढोबळ असलं तरी चालेल. मग लेखनाचा नियम करणाऱ्यांनी तो ह ठेवायचा की सोडायचा ते ठरवावं. नियम तरीही स्थूलच असणार, कारण पुस्तक वाचणाऱ्याला प्रत्येक गावचा श्वास छापून देता येत नाही.

मूळ ध्वनिमुद्रण मात्र जपून ठेवावं, दाबून लहान न केलेलं, WAV फाइलमध्ये. आजचा प्रश्न ळचा आहे म्हणून आपण ळ बारीक लिहिला. पुढच्या कोणाला स्वर हवे असतील, किंवा वाक्याच्या शेवटी आवाज कसा खाली येतो ते, आणि आपल्या स्थूल ओळींत त्यातलं काहीच नसेल.